शहरवार तक्त्यात ‘डोंगर’ पहिला आलाय, बजेट तिकडे वळवू का?

खुर्चीवाली

आमचा ऑफिसच्या खुर्च्यांचा धंदा आहे. सगळी विक्री वेबसाइटवरून, माल घरपोच. गेल्या तिमाहीचा शहरवार हिशेब पहिल्यांदाच मांडलाय आणि आता जाहिरातीचे पैसे कुठे एकवटायचे यावर घरात वाद चाललाय. शहरांची खरी नावं इथे टाकत नाही, घरात पडलेली टोपणनावंच देते: थोरलं (धंदा इथूनच सुरू झाला), धाकटं, बंदर, डोंगर आणि टोक. रकमाही प्रमाणात लिहितेय, तिमाहीचा एकूण जाहिरात खर्च १००० धरून.

थोरलं: खर्च ४००, ऑर्डरी १६०, म्हणजे ऑर्डरमागे २.५
धाकटं: खर्च २५०, ऑर्डरी १२५, ऑर्डरमागे २
बंदर: खर्च १५०, ऑर्डरी ५०, ऑर्डरमागे ३
डोंगर: खर्च ६०, ऑर्डरी ४०, ऑर्डरमागे १.५
टोक: खर्च ४०, ऑर्डरी ९, ऑर्डरमागे जवळपास ४.४
उरलेल्या १०० मध्ये बाकी सगळी गावं, ४६ ऑर्डरी.

भाऊ म्हणतो, थोरल्यातले १५० काढून डोंगरात ओत, आकडे समोर आहेत. मला काहीतरी खटकतंय, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नाहीये. जाहिराती गूगलवर, बहुतेक सर्चच्या. थोरलं, धाकटं आणि बंदर यांच्या मोहिमा वेगवेगळ्या, बाकी सगळं एका मोहिमेत.

वेगवान_विक्या

भाऊ बरोबर आहे. मोहिमा हलवत बसू नका, लोकेशनवर बिड ॲडजस्टमेंट लावा. डोंगर +४०%, टोक -५०%. दर आठवड्याला तक्ता बघायचा आणि चांगल्या शहराला दहा-दहा टक्के वाढवत जायचं. मी असंच करतो, आपोआप पैसा योग्य जागी जातो.

दशमान

विक्याभाऊ, ताईंची बोली कोणत्या पद्धतीची आहे ते आधी विचारूया. टार्गेट सीपीए वगैरे स्वयंचलित बोली असेल तर लोकेशनची ही टक्केवारी गूगल लक्षातच घेत नाही. तुम्ही +४०% लिहाल, पडद्यावर ते दिसेलही, पण होणार काही नाही.

ताई, तुम्हाला एकच विचारतो. तक्त्यातला खर्च कुठून घेतला आणि ऑर्डरी कुठून घेतल्या?

खुर्चीवाली

बोली टार्गेट सीपीएच आहे. खर्च गूगल ॲड्सच्या लोकेशन रिपोर्टमधून घेतला आणि ऑर्डरी ॲनालिटिक्समधून, म्हणजे जीए४ मध्ये City लावून. दोन्ही गूगलचेच, म्हणून जुळतील असं धरलं.

दशमान

तुम्हाला खटकतंय ते इथेच आहे. दोन्ही गूगलचे असले तरी शहर ओळखायची रीत एक नाही. ॲड्स माणूस कुठे आहे हे बऱ्याच खुणांवरून ठरवतं, फोनचं लोकेशन मिळालं तर तेही धरतं. जीए४ मधलं शहर येतं आयपी पत्त्यावरून. मोबाइल नेटवर्कचा आयपी बऱ्याचदा माणसाच्या गावाचा नसतोच, कंपनीचं जोडणी केंद्र ज्या शहरात असेल तिथला दिसतो. तुमच्या डोंगरात असं एखादं केंद्र असेल, तर आजूबाजूच्या कुणीही मोबाइलवरून खुर्ची घेतली की ती ऑर्डर डोंगराच्या खात्यात जमा. खर्च मात्र जिथल्या तिथे मांडलेला. म्हणजे वरचा आकडा एका तराजूतला आणि खालचा दुसऱ्या. मग भागाकार स्वस्तच येणार.

तुमच्याकडे याहून पक्की वस्तू आहे, खुर्ची पोचवलेला पत्ता. तिमाहीच्या ४३० ऑर्डरी काढा आणि शहर पत्त्यावरून लावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पत्त्यातल्या शहराची स्पेलिंगं लोक दहा तऱ्हांनी लिहितात, ती आधी एकसारखी करून घ्या.

दुसरं, मोहिमेच्या सेटिंगमध्ये `Presence or interest` आहे की नुसतं `Presence`, तेही बघा. पहिलं आपोआप लागलेलं असतं. मग थोरल्यात बसून डोंगराबद्दल काही शोधणारा माणूसही डोंगराचा म्हणून मोजला जाऊ शकतो. रिपोर्टमध्ये माणूस प्रत्यक्ष कुठे होता ते वेगळं काढता येतं. ज्या शहराचा हिशेब करायचाय, तिथे तेच बघा.

चौकातला_फलक

आमच्या फर्निचरच्या धंद्यात आम्ही बसथांब्यावरचे फलक लावले होते. दोन शहरांत लावले, एकात खूप फोन आले, एकात काहीच नाही. नंतर कळलं की दुसऱ्या शहरात फलक एका झाडामागे होता. तेव्हा फलक स्वतः जाऊन बघितल्याशिवाय शहर ठरवू नका. दर्शनी जागेला फार महत्त्व आहे.

तिरका_प्रश्न

फलककाका, त्या ऑनलाइन जाहिरातींबद्दल विचारतायत. (पण झाडामागचा फलक म्हणजे दशमान सांगतायत तेच की. शहर वाईट नव्हतं, मोजणी झाडामागे होती.)

शाईपेन

पत्ते लावताना आणखी एक रकाना वाढवा. ऑर्डर कंपनीचं नाव टाइप करून आलेल्या माणसाकडून आली की ‘पाठदुखीसाठी खुर्ची’ असं काही शोधणाऱ्याकडून? धंदा थोरल्यात सुरू झाला म्हणता, म्हणजे तिथे तुम्हाला नावाने ओळखणारे जास्त. ते नाव शोधतात, वर तुमचीच जाहिरात दिसते, तिच्यावर टिचकी मारतात आणि त्या ऑर्डरीचं श्रेय जाहिरातीला जातं. यातले बरेचसे जाहिरात नसती तरी आलेच असते. आमच्याकडे असं एक ‘लाडकं’ शहर होतं. नावाचे शोध वेगळे काढल्यावर ते मधल्या फळीत जाऊन बसलं.

खुर्चीवाली

दोन दिवस घालवले, पण डोळे उघडले. पत्त्यावरून शहर लावल्यावर तक्ता असा झाला:

थोरलं १७६ ऑर्डरी (२.३)
धाकटं ११८ (२.१)
बंदर ५२ (२.९)
डोंगर २३ (२.६)
टोक ११ (३.६)
बाकी गावं ५० (२)

डोंगर ४० वरून २३ वर आला! सुटलेल्या १७ पैकी १२ खुर्च्या थोरल्याच्या बाहेरच्या वस्त्यांत गेल्या होत्या आणि बाराच्या बारा ऑर्डरी मोबाइलवरून. म्हणजे दशमान म्हणाले तसंच. भाऊ दोन दिवस गप्प आहे.

शाईपेन, नावाचे शोधही वेगळे काढले. थोरल्यात १७६ पैकी ७० नावाने आलेल्या, त्यांच्यावर खर्च फक्त ३०. त्या वगळल्या तर १०६ ऑर्डरींना ३७०, ऑर्डरमागे ३.५. बंदरात नावाने आलेल्या जेमतेम ६ आणि त्यावर खर्च ३. त्या वगळून ४६ ला १४७, म्हणजे ३.२. धाकट्यात ३० नावाने, खर्च १५. वगळून २.७.

म्हणजे अनोळखी गिऱ्हाईक मिळवायला बंदर थोरल्यापेक्षा स्वस्त पडतंय, आणि आम्ही बंदराला सावत्र वागवत आलोय. आता थोरल्यातले काढून धाकट्यात टाकायचे का? ते सगळ्यात स्वस्त आहे.

वेगवान_विक्या

मग धाकटंच. २.७ म्हणजे २.७. टार्गेट सीपीएमुळे बिड ॲडजस्टमेंट लागू होत नाही हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण धाकट्याची मोहीम वेगळी आहे, बजेट सरळ वाढवा.

दशमान

थांबा. २.७ ही सरासरी आहे. त्यात पहिल्यांदा हाती लागलेली सोपी गिऱ्हाइकं आणि शेवटी ओढूनताणून आणलेली, सगळी एकत्र आली. तुम्ही ठरवताय ते पुढच्या पैशाचं. पुढचे १०० टाकले तर किती ऑर्डरी वाढतील, हे सरासरी सांगत नाही.

ताई, धाकट्याचं बजेट आधी कधी वाढवलं होतंत का? तेव्हाच्या आणि आताच्या ऑर्डरी पत्त्यावरून काढून द्या. आणि तिन्ही मोहिमांत `Search lost IS (budget)` किती दिसतंय? बजेट संपल्यामुळे जाहिरात किती वेळा दिसलीच नाही, ते त्यात कळतं.

खुर्चीवाली

हो, मागच्या तिमाहीच्या सुरुवातीला १५० चे २५० केले होते. त्याआधीच्या तिमाहीत धाकट्यात ९३ ऑर्डरी, आता ११८.

तो आकडा थोरल्यात ९%, धाकट्यात ३%, बंदरात ३६%.

दशमान

म्हणजे धाकट्यात १०० जास्त टाकल्यावर २५ ऑर्डरी वाढल्या, वाढीव ऑर्डर पडली ४ ला. तुम्ही २.१ समजून पैसे टाकत होतात आणि मिळत होती ४ ची ऑर्डर. दोन तिमाहींत हंगामाचा फरक असेल, त्यामुळे ४ वर हटून बसू नका. पण ३% सांगतंय की तिथे बजेट कमी पडल्यामुळे जाहिरात क्वचितच हुकते. अजून पैसे ओतले तर ते ‘खुर्ची दुरुस्ती’ आणि ‘खुर्चीचं चित्र’ असल्या शोधांत जातील.

बंदरात ३६% वेळा बजेटच संपलेलं असतं. म्हणजे बंदराची सरासरी महाग दिसली तरी तिथे जागा शिल्लक आहे. पुढचा पैसा तिथेच आधी आजमावून बघा.

पण एक सांगा, एका खुर्चीमागे वाहतूक, परत आलेले माल सगळं जाऊन जाहिरातीआधी हाती किती उरतं?

खुर्चीवाली

थोरलं आणि धाकटं ५. बंदर ४.५, कारण तिथे परत येणाऱ्या खुर्च्या थोड्या जास्त. टोक ३, तिथली वाहतूक मारते.

शाईपेन

म्हणजे टोकाला ऑर्डरमागे ३.६ घालून ३ मिळवताय. ते बंद करा, त्याला परीक्षाही नको.

तिरका_प्रश्न

११ ऑर्डरींवर शहर बंद? पुढच्या तिमाहीत १५ आल्या की २.७ होतील आणि तुम्ही म्हणाल, चालू ठेवायला हवं होतं.

शाईपेन

१५ आल्या तरी ऑर्डरमागे ०.३ सुटणार. त्यासाठी डोकं कोण लावणार? टोकाचा प्रश्न जाहिरातीचा नाही, वाहतुकीचा आहे. वाहतूक स्वस्त झाली की परत बघा.

खुर्चीवाली

शाईपेनना अनुमोदन, टोक बंद. बंदरासाठी असं ठरवतेय: चार आठवडे बजेट ३०% वाढवून बघू, ऑर्डरी वाढल्या तर ठेवू. चालेल?

दशमान

या परीक्षेत तुम्हाला काहीच कळणार नाही. हिशेब करून बघा. बंदरात १३ आठवड्यांत ५२, म्हणजे आठवड्याला ४. चार आठवड्यांत काही न करताही १६ येतील. ३०% जास्त खर्चाने सगळं उत्तम झालं तर २१. पण १६ च्या मोजणीत नुसत्या योगायोगाने चार-पाच इकडे तिकडे होतात. मोजणीचं वर्गमूळ काढलं की साधारण तेवढी डुगडुग धरायची. म्हणजे २१ आल्या तरी जाहिरातीने आल्या म्हणता येणार नाही, आणि १५ आल्या तरी जाहिरात फसली म्हणता येणार नाही. विक्याभाऊंचं दर आठवड्याचं दहा टक्के याच कारणाने नुसती हलवाहलवी ठरतं. आठवड्याला ४ ऑर्डरी असलेल्या शहरात त्यांना डुगडुगच दिसत असणार.

त्यापेक्षा बजेट दुप्पट करा आणि आठ आठवडे हात लावू नका. काही न करता ३२ अपेक्षित. त्या काळात धाकट्याचं बजेट आहे तेवढंच राहू द्या, म्हणजे हंगामाने सगळीकडेच ऑर्डरी वाढल्या तर तिथेही दिसेल. आणि आठ आठवडे संपल्या संपल्या हिशेब करू नका. खुर्ची कुणी पहिल्या दिवशी घेत नाही. टिचकी आणि ऑर्डर यांत तुमच्याकडे किती दिवस जातात?

खुर्चीवाली

बहुतेक एक ते दोन आठवडे. लोक घरी मापं घेतात, नवरा-बायकोचं एकमत होतं, मग ऑर्डर. ठीक आहे, आठ आठवडे आणि वर दोन आठवडे थांबते. एवढा धीर धरायची सवय नाही, पण बघू.

वेगवान_विक्या

माझ्याकडे आठवड्याला साठ-सत्तर ऑर्डरी असतात एका शहरात, तिथे दहा टक्क्यांचं दिसतं बरं का.

दशमान

एका आठवड्यात साठाचे सहासष्ट झाले तर नाही दिसत, डुगडुगच आठची आहे. महिनाभर जमवलंत तर दिसायला लागेल. पण तुमचं खातं माझ्यासमोर नाही, सोडून देतो.

खुर्चीवाली (अकरा आठवड्यांनी)

निकाल आणलाय. बंदरात आठ आठवड्यांत ५० ऑर्डरी, पत्त्यावरून मोजलेल्या. काही न करता ३२ अपेक्षित होत्या, म्हणजे १८ जास्त. धाकट्यात ७३ अपेक्षित, ७० आल्या, तिथे तसा काही फरक नाही. बंदरात जास्तीचा खर्च ९२ झाला. भागिले १८ म्हणजे ५.१. आणि खुर्चीमागे हाती उरतात ४.५. म्हणजे वाढीव प्रत्येक ऑर्डरला ०.६ तोटा? भाऊ पुन्हा बोलायला लागलाय.

शाईपेन

१८ मध्येही डुगडुग आहे. ५० ची सात, आणि ३२ हा आकडासुद्धा अंदाजच, त्याची चार-पाच. दोन्ही मिळून आठ धरा. म्हणजे खरी वाढ १० ते २६ मधली काहीही असू शकते, आणि वाढीव ऑर्डरचा खर्च ३.५ पासून ९ पर्यंत. तोटा आहे असंही सिद्ध नाही, फायदा आहे असंही नाही.

दशमान

बरोबर. फक्त एक लक्षात घ्या, हा ५.१ आकडा सगळ्या ९२ चा मिळून आहे. त्यातले पहिले ४० ज्या शोधांवर जाहिरात बजेटअभावी दिसत नव्हती तिथे गेले असणार, शेवटचे ५० जरा लांबच्या शोधांवर. ताई, दुप्पट केल्यावर `Search lost IS (budget)` कितीवर आला?

खुर्चीवाली

दुसऱ्याच आठवड्यात २% वर आला आणि तिथेच राहिला.

दशमान

मग दुप्पट ही उडी जास्तच झाली. दीडपटीवर आणा आणि आणखी आठ आठवडे बघा. त्याच वेळी सर्च टर्म्सची यादी उघडून कुठल्या नव्या शोधांवर पैसे गेले ते बघा, तिथे तुम्हाला डोळ्यांनीच कळेल.

तिरका_प्रश्न

मला अजून पटत नाही. बंदरातलं गिऱ्हाईक नवं आहे, ऑफिसवाले असतील तर पुन्हा दहा खुर्च्या घेतील. पहिल्या खुर्चीत ०.६ गेले म्हणून मागे हटायचं? थोरल्यात १०६ ‘नव्या’ ऑर्डरी म्हणता, त्यातली किती जुन्यांची ओळखीची माणसं?

शाईपेन

पुन्हा घेतील हे गृहीत धरून पैसे टाकायचे तर आधी किती जणांनी पुन्हा घेतलंय ते शहरवार काढावं लागेल.

खुर्चीवाली

सर्च टर्म्स बघितल्या. बंदरात शेवटच्या महिन्यात बरेच पैसे ‘खुर्ची भाड्याने’ वर गेलेत. आम्ही भाड्याने देतच नाही. ‘भाडे’, ‘भाड्याने’ दोन्ही निगेटिव्हमध्ये टाकले. उद्यापासून बंदर दीडपट. थोरल्यात मात्र भाऊ आणि माझं एकमत झालेलं नाही. नावाच्या जाहिराती दोन आठवडे बंद करून बघायच्या असं मी म्हणतेय, तो म्हणतो त्या जागी आमच्याच नावावर दुसरा कुणी बसेल. पुन्हा घेणाऱ्यांचा तक्ता काढायला घेतलाय, पण जुन्या ऑर्डरींत एकाच कंपनीची तीन-तीन नावं आहेत, त्यामुळे आधी तीच एकसारखी करत बसलेय.